भागाकार केला की गेलं वर्ष दिसतं

घरगुती उपकरणांच्या एका वितरकाचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा विक्री अहवाल समोर आहे, असं धरू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून बेतलेले आहेत, चूक मात्र नेहमीची आहे. तिमाहीची विक्री ४५ कोटी, वाढ २५ टक्के. त्याखालच्या ओळीत एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांची एकत्रित विक्री १२० कोटी, वाढ २० टक्के. आधीच्या दोन अहवालांत एप्रिल-जूनची विक्री ३९ कोटी, वाढ ३० टक्के, आणि जुलै-सप्टेंबरची ३६ कोटी, वाढ २० टक्के, असं छापलेलं. ३९, ३६ आणि ४५ मिळून १२० होतात. बेरीज चोख आहे, त्यामुळे बैठकीत कोणी पुढे बघत नाही.

पण टक्के एका ओळीत मांडून पाहावेत. तीन तिमाहींची वाढ ३०, २० आणि २५. नऊ महिन्यांची २०. एकत्रित वाढ ही तिमाहींच्या वाढीची सरासरीच असते, फक्त ज्या तिमाहीची गेल्या वर्षीची विक्री मोठी, तिचं वजन जास्त. सरासरी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या मधेच कुठेतरी पडायला हवी. इथे ती सगळ्यांत लहान आकड्यावर येऊन टेकली आहे. म्हणजे चारपैकी निदान एक टक्का वेगळ्याच काळाशी तुलना करून काढलेला आहे.

तो कोणता, हे शोधायला उलटा हिशेब करायचा. अहवालात वाढीचा टक्का छापलेला असतो, पण ती कशावरची वाढ, तो आकडा पुष्कळदा छापत नाहीत. विक्रीला 'एक अधिक वाढ' यानं भागलं की तो मिळतो. ३९ भागिले १.३०, म्हणजे ३०. ३६ भागिले १.२०, पुन्हा ३०. ४५ भागिले १.२५, म्हणजे ३६. आणि १२० भागिले १.२०, म्हणजे १००. आता गेल्या वर्षीच्या तीन तिमाहींची बेरीज १०० यायला हवी, येते ९६. चार कोटी कुठेतरी गळाले.

टक्का पूर्णांकात छापल्यामुळे एवढा फरक पडेल का? २५ टक्के म्हणून छापलेली वाढ प्रत्यक्षात साडेचोवीस ते साडेपंचवीसच्या दरम्यान असू शकते, पण त्यानं ३६ चा आकडा फार तर पंधरा लाखांनी इकडेतिकडे होईल. नऊ महिन्यांच्या टक्क्यातही असाच खेळ असतो, तो साधारण चाळीस लाखांचा. सगळी सूट देऊनही चार कोटींचा खुलासा होत नाही.

मग गेल्या वर्षीचा मूळ अहवाल काढायचा. त्यात ऑक्टोबर-डिसेंबरची विक्री ४० कोटी आहे. मग ३६ आले कुठून? ते याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबरचे आहेत! वार्षिक वाढ म्हणून छापलेली २५ टक्के ही खरं तर आधीच्या तिमाहीवरची वाढ आहे. ४० शी तुलना केली तर वाढ साडेबारा टक्के, बरोबर निम्मी.

यात लबाडीच असेल असं नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या तिमाही निकालात चालू तिमाही, तिच्या शेजारी आधीची तिमाही आणि त्यानंतर गेल्या वर्षीची तीच तिमाही असे रकाने असतात, आणि तोच साचा बरेच जण घरच्या अहवालालाही वापरतात. एक्सेलमध्ये `=B5/D5-1` लिहायच्या जागी शेजारचा रकाना धरून `=B5/C5-1` लिहिलं गेलं की झालं. नऊ महिन्यांच्या रकान्याशेजारी गेल्या वर्षीचे नऊ महिनेच असतात, म्हणून तिथली वाढ बरोबर राहते.

अर्थात भागाकारानं आलेला आकडा जुन्या अहवालाशी जुळला नाही, म्हणजे चूकच, असंही नाही. मधल्या काळात एखादी शाखा विकली असेल किंवा विभागांची फेरमांडणी झाली असेल, तर मागचे आकडेही नव्यानं मांडावे लागतात. तशी तळटीप मात्र हवी. २०२१ मध्ये तर पेच वेगळाच होता. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती, आणि शून्यावरची वाढ टक्क्यांत सांगताच येत नाही. म्हणून पुष्कळांनी २०१९ शी तुलना केली, ती रास्तच होती. एका ओळीत २०१९ आणि खालच्या ओळीत २०२० धरलं, तर मात्र दोन्ही टक्के खरे असूनही शेजारी ठेवण्याजोगे राहत नाहीत.

आणि या भागाकारात न सापडणारीही एक गोष्ट आहे. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या वाट्याला पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ ला दोन मिळाले. मुहूर्तावर दुचाकी किंवा सोनं विकणाऱ्या दुकानाची जानेवारी-मार्च २०२५ ची वाढ त्यामुळे फुगलेली दिसू शकते, रकाना अगदी योग्य धरला असला तरी. तिथे मार्च आणि एप्रिलची विक्री एकत्र करून ती गेल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलशी ताडून पाहावी लागते.