तिघांनी दीड दिवसही धीर धरला नाही

गणेश चतुर्थीच्या दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर मोदकांचे फोटो यायला लागतात. ज्यांच्या कळ्या एकसारख्या आणि टोकं निमुळती, त्यांच्या फोटोखाली काही लिहायची गरज नसते. नमस्काराचे हात टाकले की काम झालं. खरी पंचाईत त्या माणसाची, ज्यानं पहिल्यांदाच उकडीचे मोदक केले आणि ताटलीत काहीतरी वेगळंच उतरलं. फोटो तर टाकायचाय. खाली काय लिहायचं?

एक फोटो डोळ्यांसमोर आणू. हळदीच्या पानावर अकरा मोदक आहेत. तीन फुटलेत आणि त्यांचा पाक पानावर वाहिलाय. एक शेजाऱ्यावर रेललाय. दोघांची टोकं अंगठ्याएवढी जाड आहेत. अशा फोटोखाली सहसा पहिली ओळ येते ती अशी : ‘आज पहिल्यांदाच मोदक केले, थोडे बिघडले, सांभाळून घ्या’, आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले चार-पाच पिवळे चेहरे. ही ओळ हसवत नाही, कारण ती फोटोत दिसतंय तेच सांगते आणि वर दया मागते. दया मागितली की समोरच्याला हसता येत नाही. तो बिचारा ‘छान झालेत गं’ असं लिहून मोकळा होतो. दुसरी सवय म्हणजे तयार माल : ‘मास्टरशेफ नव्हे, डिझास्टरशेफ’. ही ओळ करपलेल्या वांग्याखालीही चालते आणि फसलेल्या केकखालीही. जी कुठेही चालते, ती या ताटलीची नव्हे.

माझ्या मते या ताटलीची ओळ शोधायची तर आधी स्वयंपाकघरात जावं लागतं. नेमकं काय बिघडलं हे कळल्याशिवाय त्यावर नेमकं हसता येत नाही.

मोदक फुटतो तो दोन तऱ्हांनी. एक सारणामुळे. साधारण दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घेतात. तापल्यावर गूळ विरघळतो, खोबऱ्याचं पाणी सुटतं आणि कढईत सगळं पातळ होतं. ते आटून गोळा कढई सोडायला लागेपर्यंत धीर धरावा लागतो. अर्थात जास्त आटवलं तर गार झाल्यावर सारण कडक होतं, म्हणून नवशिका घाबरून लवकर गॅस बंद करतो. मग वाफेत तोच गूळ पुन्हा सैल होतो आणि पारीत जिथं पातळ जागा सापडेल तिथून वाट काढतो. खूण सोपी आहे : फुटलेल्या मोदकाभोवती चिकट, तपकिरी पाक दिसतो.

दुसरी तऱ्हा उकडीची. गव्हाच्या कणकेत असतो तो चिवटपणा तांदळाच्या पिठीत नाही. वाटीभर पिठीला वाटीभर उकळतं पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून झाकण ठेवून वाफ आणतात, ती एवढ्यासाठीच. गरम पाण्यानं पिठीतला स्टार्च फुगतो आणि त्याच्याच जोरावर पारी एकसंध राहते. ही उकड गरम असतानाच तेलापाण्याच्या हातानं मळायची असते. हात भाजतात म्हणून ती गार होऊ दिली की कळ्या काढतानाच कडा चिरतात. इथं भेगा कोरड्या असतात, पाक नसतो, आणि त्या मोदकपात्रात जाण्याआधीच दिसतात. परदेशात दुकानातून आणलेली जाडसर पिठी वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

आता आपल्या ताटलीकडे पाहा. पाक वाहिलाय म्हणजे गुन्हेगार सारण. मोदक आत जाताना धड होते आणि आतल्या आत फुटले. हे कळलं की हसण्याची जागा आपोआप सापडते. पहिला प्रयत्न असा होईल : ‘अकरा ठेवले, आठ निघाले, बाकी तिघांचा पाक झाला.’ हिशेब बरोबर आहे, पण हसू अजून फुटत नाही. मोदकपात्राच्या खालच्या पाण्यात गोड पाक विरघळतोय, दिवस चतुर्थीचा आहे. हे जोडून पाहिलं की दुसरी ओळ येते : ‘अकरापैकी तिघांनी दीड दिवसही धीर धरला नाही. विसर्जन मोदकपात्रातच उरकलं.’

हिच्यात ‘बिघडले’ हा शब्द नाही. तो फोटोनं सांगितलाय. आकडा खरा आहे, त्यामुळे वाचणारा मागे जाऊन फोटोत तीन मोजतो. आणि ‘मोदकपात्र’ दुसऱ्या वाक्यात येतं. पहिल्याच वाक्यात ते सांगून टाकलं असतं तर दीड दिवसाच्या गणपतीची गंमत तिथंच संपली असती. उलटीकडून लिहून पाहा : ‘मोदकपात्रात तीन मोदक फुटल्यामुळे त्यांचं विसर्जन झालं.’ माहिती तीच, पण हा पंचनामा झाला.

गुन्हेगार बदलला की ओळ बदलते. जाड टोक येतं ते कळ्या एकत्र आणल्यावर वर जमलेली जास्तीची उकड खुडून न टाकल्यामुळे. त्याला पुष्कळ घरांत नाकच म्हणतात, तेव्हा ‘नाक आजोबांवर गेलंय’ एवढं पुरतं, आजोबा ग्रुपवर असतील तर अधिकच. कोरड्या भेगांवर दुष्काळातल्या जमिनीची उपमा चटकन सुचते. ती मी टाळीन. वाचणाऱ्यांत कुणाचं तरी शेत खरंच भेगाळलेलं असतं. ‘आईनं सांगितलं तसंच केलं’ हेही नको, कारण त्यात हसू आईवर ढकललं जातं, आणि आई तर बहुधा फोनवर ‘अजून आटव’ म्हणत होती.

फोटोत न दिसणारी एक गोष्ट मात्र या पदार्थात आयतीच मिळते. पुष्कळ घरांत नैवेद्य दाखवण्याआधी चव घेत नाहीत. म्हणजे फोटो काढला त्या क्षणी करणाऱ्यालाही चव ठाऊक नसते. म्हणून ‘उकडीत मीठ पडलंय की नाही, हे आधी बाप्पाला कळेल, मग आम्हाला’ ही ओळ फुटक्या मोदकांपेक्षाही चांगली बसेल. मोदकांकडे कितीही निरखून पाहिलं तरी मीठ काही दिसायचं नाही.

फोटोनंही ओळीला साथ द्यायला हवी. फुटलेले तिघं मागे लपवून धडधाकट आठ पुढे मांडले, तर विसर्जन कुणाचं झालं ते कळायचं नाही. मोदकपात्राचं झाकण उघडल्या उघडल्या फोटो घेतला तर भिंगावर वाफ धरते. तेवढी निवळू द्यावी.

नेमकं लिहिण्याचा आणखी एक फायदा असतो. विसर्जनाची ओळ वाचून एखादी मावशी लगेच लिहिते, ‘सारण ओलं राहिलं तुझं. गार झाल्यावर त्याचा लाडू वळतोय का बघायचं, मगच भरायचं.’ सांभाळून घेणाऱ्यांकडून एवढं मिळत नाही. तिचा पुढचा प्रश्न असतो, उकड उरली का? उरली असेल तर त्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ मळून, हातावर थापून त्याच मोदकपात्रात निवगऱ्या वाफवता येतात. त्यांचा फोटो टाकायचा असेल तर ओळ नव्यानं शोधावी लागेल, कारण निवगऱ्यांत सारणच नसतं आणि त्या सहसा फुटत नाहीत.