इंच सांगतात, पण इंच नसतो!

फोनच्या दुकानात दोन फोन समोर ठेवतात. दोन्हींवर '50 मेगापिक्सेल' लिहिलेलं, किमतीत मात्र चार-पाच हजारांचं अंतर. विचारलं तर विक्रेता म्हणतो, "ताई, ह्याचा सेन्सर मोठा आहे ना!" किती मोठा, ते माहितीच्या कागदावर असतं: एकाचा 1/1.56 इंच, दुसऱ्याचा 1/1.95 इंच. आता मोठा कोणता? 1.95 म्हणायचा मोह होतो. पण भाकरीचे जितके जास्त भाग करावे तितका तुकडा लहान, तसंच हे. रेघेखालचा आकडा लहान, तो सेन्सर मोठा.

सेन्सर म्हणजे भिंगामागची प्रकाश झेलणारी चकती. पूर्वी फिल्म असायची तिच्या जागी. मात्र हा इंच पट्टीवरचा नव्हे. 1950 च्या दशकात टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असे आणि तिची ओळख बाहेरच्या व्यासावरून सांगत. चित्र उमटायचं ते आतल्या लहानशा भागावर. नळ्या गेल्या, मोजायची रीत राहिली. म्हणून 'एक इंची' सेन्सरचा कर्ण 25 मिलिमीटर नसून जेमतेम 16 भरतो. एका परीनं ही फसवणूकच म्हणायची. पण सगळेच तशी करतात, त्यामुळे तुलनेला अडत नाही.

आता आपले दोन फोन घेऊ. 1.95 ला 1.56 ने भागलं की सव्वा येतो. म्हणजे पहिल्याचा कर्ण सव्वापट. पण प्रकाश कर्णावर पडत नाही, सगळ्या पृष्ठभागावर पडतो. अंगण लांबीला सव्वापट आणि रुंदीलाही सव्वापट केलं, तर सारवायला किती वाढतं? सव्वा गुणिले सव्वा, दीडपटीहून थोडं अधिकच. पहिल्या सेन्सरची जागा तेवढी जास्त.

इथेच थांबू नये. भिंगाचं तोंडही पाहायला हवं. ते f/1.7, f/1.9 असं लिहितात, आणि इथेही लहान आकडा म्हणजे मोठं तोंड. समजा, मोठ्या सेन्सरच्या फोनला f/1.9 आहे आणि लहान सेन्सरच्या फोनला f/1.7. तर 1.9 भागिले 1.7, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा: सुमारे सव्वा. तेवढा फायदा दुसऱ्या फोनला. दीडपटीचं अंतर उतरून सव्वापटीवर आलं! चार हजार त्यासाठी द्यायचे का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर नाही.

हा हिशेब दोन्ही फोनच्या मुख्य कॅमेऱ्यांचाच करायचा. एकाचा मुख्य आणि दुसऱ्याचा दूरचं टिपणारा, अशी जोडी लावली की सगळंच फसतं. शिवाय भर उन्हात अंगणातल्या फोटोत हा फरक फारसा दिसणारही नाही. तो दिसतो संध्याकाळी, घरातल्या दिव्याखाली, मूल हलत असताना. म्हणून दुकानातल्या लखलखाटात फोटो काढून पाहू नका. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्ही फोन धरून पाहा आणि सावलीतला भाग मोठा करून बघा. तिथे रवा सांडल्यासारखे ठिपके ज्यात कमी, तो फोन.