आठवड्यात गाल भरले, ती चरबी का?

जिममधल्या पोराने क्रिएटिन सुरू केलं. पहिले सात दिवस रोज २० ग्रॅम, म्हणजे ज्याला ‘लोडिंग’ म्हणतात ते. आठवड्याअखेर वजन दीड किलोने वाढलं आणि आरशात गाल भरल्यासारखे दिसू लागले.

ही चरबी असेल का? हिशेब करून पाहू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. दीड किलो चरबी चढायला सात दिवसांत सुमारे ११,५०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, म्हणजे रोज साडेसोळाशे. इतकं खाणं लपत नाही! वाढलं ते बहुतांशी पाणी. क्रिएटिन स्नायूंच्या पेशींत साठतं आणि पाणी सोबत ओढून घेतं.

पण गालांत मोठे स्नायू कुठे असतात? म्हणूनच चेहऱ्याचा सगळा दोष क्रिएटिनवर टाकायला मी तयार नाही. लोडिंगमध्ये थोडं पाणी पेशींबाहेरही थांबू शकतं. पण रात्रीचं खारट खाणं आणि अपुरी झोपही चेहरा सुजवते. अशी सूज सकाळी जास्त असते, दुपारपर्यंत उतरते. चरबी घड्याळ पाहत नाही. ती हळूहळू चढते आणि कमरेवर टेपने मोजता येते.

लोडिंग सोडून रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी साधारण महिन्याभरात स्नायू तितकेच भरतात आणि वजन एकदम उडी मारत नाही. मात्र डोळ्यांभोवतीच्या सुजेबरोबर पायही सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डबा बंद करून डॉक्टरांकडे जावं.