झेनरच्या आधीचा रेझिस्टर

गाडीच्या बॅटरीला आपण बारा व्होल्टची म्हणतो, पण तिचा दाब बारावर क्वचितच थांबतो. दमलेल्या बॅटरीवर तो साडेअकरापर्यंत उतरतो आणि इंजिन चालू असताना साडेचौदाच्या आसपास जातो. अशा बॅटरीवर पाच व्होल्टचं छोटं सर्किट चालवायचं असेल, तर सगळ्यात साधा उपाय दोनच वस्तूंचा आहे: एक झेनर डायोड आणि त्याच्या आधी, बॅटरीच्या वाटेवर, एक रेझिस्टर. डायोड निवडणं सोपं असतं, कारण त्याचा दाब ठरलेला असतो. सगळा विचार करावा लागतो तो रेझिस्टरचा.

झेनर उलटा जोडतात, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पट्ट्याचं टोक धन बाजूला. (सुलटा जोडला गेला, तर मीटरवर जेमतेम ०.७ व्होल्ट दिसतात. चूक लगेच कळते.) ठरलेल्या दाबापाशी तो प्रवाह वाहू देऊ लागतो आणि दाब तिथेच धरून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, तसंच हे काम आहे. नळांनी घेऊन उरलेलं पाणी त्या पाइपातून जातं आणि थोडं तरी पाणी तिथून वाहत असेपर्यंतच पातळी कायम राहते. इथे रेझिस्टरमधून येणारा प्रवाह म्हणजे टाकीत येणारं पाणी. सर्किटने घेऊन उरलेला प्रवाह झेनर जमिनीकडे सोडतो.

म्हणून रेझिस्टर सरासरी परिस्थिती धरून काढला, तर तो फसवतो. तो सगळ्यात वाईट क्षणांसाठी काढावा लागतो, आणि असे क्षण दोन आहेत. दोन्ही एकमेकांच्या अगदी विरुद्ध.

आपलं सर्किट जास्तीत जास्त ३० मिलीअँपिअर घेतं असं धरू. झेनर ५.१ व्होल्टचा, एक वॅटचा. पहिला वाईट क्षण म्हणजे बॅटरी ११.५ व्होल्टवर उतरलेली आणि सर्किटची मागणी पूर्ण. तेव्हाही झेनरसाठी ५ मिलीअँपिअर उरले पाहिजेत, म्हणजे एकूण ३५. रेझिस्टरवर पडणारा दाब ६.४ व्होल्ट. त्याला ०.०३५ अँपिअरने भागलं की सुमारे १८३ ओहम येतात. रेझिस्टर याहून मोठा चालणार नाही.

दुसरा क्षण म्हणजे इंजिन चालू, दाब १४.५ आणि सर्किट काढून ठेवलेलं. आता सगळा प्रवाह एकट्या झेनरला गिळावा लागतो. एक वॅटच्या झेनरवर बंद डब्याच्या उष्णतेत अर्ध्या वॅटपेक्षा जास्त भार मी टाकणार नाही. अर्धा वॅट म्हणजे ९८ मिलीअँपिअर. रेझिस्टरवर ९.४ व्होल्ट, म्हणून तो सुमारे ९६ ओहमपेक्षा लहान नको.

९६ ते १८३ ही आपली खिडकी. बाजारात १८० ओहमचा रेझिस्टर मिळतो आणि तो बसतोही, पण पाच टक्के इकडेतिकडे धरले तर तो १८९ निघू शकतो. मग कमी दाबाला झेनरच्या वाट्याला चारच मिलीअँपिअर येतात. १५० ओहम घेतला, की दोन्ही बाजूंना मोकळीक राहते. त्याच्यावर साडेचौदा व्होल्टला जवळपास ०.६ वॅट उष्णता तयार होते. पाव वॅटचा छोटा रेझिस्टर इथे काळा पडेल. एक वॅटचा घ्यावा. बाहेरची तार शॉर्ट होण्याची भीती असेल तर दोन वॅटचा, कारण तेव्हा पूर्ण साडेचौदा व्होल्ट त्याच्यावर येऊन १.४ वॅट खर्च होतात.

हाताशी आहे म्हणून ३३० ओहम लावला तर काय होतं? ११.५ व्होल्टला सगळा मिळून १९ मिलीअँपिअर येतो, मागणी तिसाची. झेनर बंद पडतो आणि दाब चारच्या खाली घसरतो. याची खूण सोपी आहे. बॅटरीचा दाब बदलला की बाहेरचा दाबही त्याच्याबरोबर हलू लागतो. मीटर घेऊन सर्किट जोडलेलं असताना पाहावं. मोकळ्या टोकांवर तपासलं तर सगळं ठीकच दिसतं.

सगळं जमलं तरी दाब ५.१ वर खिळलेला नसतो. या झेनरमध्ये ४९ मिलीअँपिअरच्या आसपास सात ओहमचा अंतर्गत रोध असतो. त्यामुळे मागणी ३० मिलीअँपिअरने बदलली, की दाब साधारण ०.२ व्होल्ट हलतो, आणि प्रवाह कमी असेल तर त्याहून जास्त. अचूक मोजमाप करणाऱ्या सर्किटला हे चालणार नाही.

मागणी १०० मिलीअँपिअर झाली तर? पहिली अट सांगते, ६१ ओहमपेक्षा मोठा नको. दुसरी सांगते, ९६ पेक्षा लहान नको. खिडकीच मिटली. अशा वेळी मोठा झेनर शोधत बसण्यापेक्षा पुढे एक ट्रान्झिस्टर लावावा. भाराचा प्रवाह तो वाहतो आणि झेनरला फक्त त्याच्या बेसचा एखाददुसरा मिलीअँपिअर पुरवावा लागतो. मात्र ट्रान्झिस्टर स्वतःपाशी ०.७ व्होल्ट ठेवून घेतो, म्हणून झेनर ५.१ ऐवजी ५.६ व्होल्टचा घ्यावा लागतो.