विवाहोत्तर नाव आणि भारतीय पारपत्र : अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी

मराठी नावाची घडण इतर प्रांतांतील नावांहून वेगळी आहे. विवाहानंतर केवळ आडनाव बदलत नाही; मधले वडिलांचे नाव जाऊन तेथे पतीचे नाव येते आणि क्वचित तांदळात लिहिलेले नवे नावही रूढ होते. घरात हे तिन्ही बदल एकाच विधीत होतात. कागदोपत्री मात्र त्यांचे मार्ग एक नाहीत, आणि येथील बहुतेक अडचणी या एका गैरसमजातून उद्भवतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. विवाहानंतर नाव बदलण्याची कायदेशीर सक्ती कोणावरही नाही. माहेरचे नाव कायम ठेवून पारपत्राच्या अखेरच्या पानावर केवळ पतीचे नाव नोंदवून घेता येते. नोकरीचा व्हिसा, पदव्या आणि बँकखाती जुन्या नावावर असलेल्या स्त्रीने या पर्यायाचा विचार आधी करावा, असे आमचे मत आहे.

समजा, पुण्यात विवाह करून न्यू जर्सीत आलेल्या स्नेहा वसंत कुलकर्णी यांना स्नेहा अनिकेत देशपांडे व्हायचे आहे. येथे मूळ नाव तेच राहते. मधले नाव आणि आडनाव विवाहामुळे बदलते. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाच मुख्य आधार असतो. जुने पारपत्र, पतीच्या पारपत्राची प्रत, छायाचित्रे व निवासाचा पुरावा यांसह वाणिज्य दूतावासाच्या अधिकृत सेवाकेंद्रामार्फत पारपत्र पुन्हा जारी करण्याचा अर्ज करावा लागतो. भारतीय पारपत्रात मधल्या नावासाठी वेगळा रकाना नाही. म्हणून ‘स्नेहा अनिकेत’ हे दिलेल्या नावाच्या रकान्यात आणि ‘देशपांडे’ हे आडनावाच्या रकान्यात लिहावे. येथे ‘अनिकेत देशपांडे’ असे दोन्ही शब्द आडनावात गेले, तर पुढे विमानाच्या तिकिटापासून वाहन परवान्यापर्यंत तीच चूक वाहत जाते.

आता याच स्नेहाबाईंना ‘मृण्मयी अनिकेत देशपांडे’ व्हायचे असेल तर? विवाह प्रमाणपत्रात मृण्मयी हे नाव कोठेच नाही. त्यामुळे हा बदल स्वेच्छेने केलेला संपूर्ण नामबदल ठरतो. नोटरीसमोर केलेले शपथपत्र आणि दोन दैनिकांतील जाहीर सूचना त्यासाठी आवश्यक असतात : एक सध्याच्या निवासाच्या परिसरातील, दुसरी भारतातील कायमच्या पत्त्याच्या परिसरातील दैनिकात. सूचनेत जुने नाव, नवे नाव आणि पत्ता ही तिन्ही असावीत, आणि अक्षरलेखन पारपत्रातील रोमन लिपीशी तंतोतंत जुळावे. शपथपत्रात एक अक्षररूप आणि जाहिरातीत दुसरे असे झाल्यास दोन नवी नावे निर्माण होतात व अर्ज परत येतो. वर्तमानपत्राचे नाव व दिनांक दिसेल असे संपूर्ण पान जपून ठेवावे. नुसते चौकोनी कात्रण कोणत्या अंकातले हे सांगता येत नाही.

याशिवाय कायमचा पत्ता महाराष्ट्रात असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात नामबदल प्रसिद्ध करून घेणे इष्ट. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मूळ नाव बदलले असेल तर आधार कार्डासाठी राजपत्राची प्रत मागितली जाते. आधारमध्ये नाव आयुष्यात केवळ दोनदा बदलता येते, म्हणून अंतिम अक्षरलेखन ठरण्यापूर्वी तेथे हात लावू नये. नवे पारपत्र हाती आल्यावर भारतभेटीत आधार, मग पॅन आणि शेवटी बँक, हा क्रम सोयीचा. कारण पॅन व आधार यांतील नावे जुळली नाहीत तर दोन्हींची जोडणी अडते.

अमेरिकेतील नोंदींचा क्रम सोशल सिक्युरिटी कार्यालयापासून सुरू होतो. राज्याचे वाहन परवाना खाते तेथील नोंदीशी नाव पडताळून पाहते, तेव्हा तेथे आधी जाऊन उपयोग नाही. वेतनपत्रकातील नावही सोशल सिक्युरिटी कार्डाप्रमाणेच असावे. कार्ड बदलेपर्यंत कंपनीत जुने नाव चालू ठेवावे.

जुन्या पारपत्रातील व्हिसा नाव बदलल्याने आपोआप रद्द होत नाही. तथापि नव्या नावाचा व्हिसा घेण्याची शिफारस अमेरिकेचे परराष्ट्र खाते करते. तो मिळेपर्यंत प्रवासात दोन्ही पारपत्रे व विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत हातातील पिशवीत असावी, सामानात नव्हे. तिकीट नव्या पारपत्रातील नावानेच काढावे. अर्ज प्रलंबित असताना पारपत्र हाती नसते, त्यामुळे भारतप्रवास ठरला असेल तर तो उरकून मगच अर्ज दाखल करावा.

पदवी प्रमाणपत्रे बदलण्याच्या खटपटीत सहसा पडू नये. ती ज्या नावाने मिळाली त्याच नावाची राहतात. जुने व नवे नाव जोडणारे विवाह प्रमाणपत्र अथवा राजपत्र त्यांच्यासोबत ठेवले म्हणजे पुरते.