वायरचं प्लास्टिक आणि पाइपावरचं गोणपाट

वायरवरचं प्लास्टिक कशासाठी असतं, असं विचारलं तर कोणीही सांगेल, शॉक लागू नये म्हणून. खरंच आहे. पण तेच प्लास्टिक आतल्या तांब्याला थंडही ठेवतं. प्लास्टिक तर उष्णता अडवणारं. मग ते तार थंड कशी ठेवेल?

घरातल्या दिव्यांसाठी वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तार घ्या. तिच्या तांब्याची त्रिज्या साधारण ०.७ मिलिमीटर. तिच्यातून १४ अँपिअरच्या आसपास प्रवाह गेला, की प्रत्येक मीटरमागे सुमारे ३ वॅट उष्णता तयार होते. (दिव्यांच्या तारेवर एवढा भार टाकू नये, इथे फक्त हिशेबासाठी घेतलाय.) ही उष्णता हवेत गेलीच पाहिजे, नाहीतर तार तापतच जाईल.

हवेला उष्णता द्यायची तर पृष्ठभाग लागतो, आणि उघड्या तारेकडे तोच नसतो. मीटरभर तारेला जेमतेम ४४ चौरस सेंटिमीटर अंग. स्थिर हवा एका चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला, साधारण १० वॅट नेते असं धरलं, तर ३ वॅट बाहेर टाकायला ही तार हवेपेक्षा ६८ अंशांनी गरम व्हायला हवी.

आता तिच्यावर ०.७ मिलिमीटर जाडीचं पीव्हीसी चढवा. उष्णतेला हा थर ओलांडून जावं लागतं, पण थर इतका पातळ, की त्यात जेमतेम दोन अंश खर्च होतात. उलट बाहेरचं अंग दुप्पट झालं, म्हणून हवेला उष्णता देणं निम्म्या फरकात भागतं. एकूण वाढ येते ३६ अंश. बाहेर ३२ अंश असेल, तर तांबं ६८ वर थांबतं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची, म्हणजे थोडक्यात निभावलं. उघडी तार शंभरला टेकली असती.

म्हणजे आवरण दोन कामं करतं: वाट अडवतं आणि अंग वाढवतं. बारीक तारेवर दुसरं काम पहिल्यावर मात करतं. पण कायम नाही. थर जाड करत गेलं, की अडवणूक वाढत राहते आणि अंग वाढल्याचा फायदा आटत जातो. दोन्ही बरोबरीत येतात ती बाहेरची त्रिज्या म्हणजे क्रांतिक त्रिज्या. ती काढायला फक्त एक भागाकार पुरतो: आवरणाची उष्णतावाहकता भागिले हवेचा तो १० चा आकडा. पीव्हीसीची वाहकता ०.१६, म्हणून उत्तर ०.०१६ मीटर, म्हणजे १६ मिलिमीटर. गंमत अशी, की आतली तार किती जाड, हे या भागाकारात कुठेच येत नाही.

१६ मिलिमीटरपर्यंत प्लास्टिक चढवलं तर आपली तार फक्त १२ अंशांनी तापेल. ३० पर्यंत नेलं तर पुन्हा किंचित जास्त. अर्थात, मनगटाएवढी वायर कोण बसवणार? शिवाय बारीक तारेभोवती हवा प्रत्यक्षात १० पेक्षा बरीच जास्त उष्णता नेते, त्यामुळे खरा फायदा माझ्या आकड्यांपेक्षा कमीच. आणि पाइपात कोंबलेल्या सात-आठ तारांना तर तो मिळतच नाही. त्या एकमेकींनाच तापवतात.

पाइपाचं प्रकरण उलटं असतं. तिथे उष्णता राखायची असते. अर्ध्या इंची लोखंडी पाइपाची बाहेरची त्रिज्या साडेदहा मिलिमीटरच्या वर, तर चांगल्या नायट्राइल फोमची क्रांतिक त्रिज्या साडेतीन. पाइप आधीच तिच्यापलीकडे, म्हणून फोमचा पातळ थरसुद्धा फायद्याचाच. ६० अंशांचं पाणी आणि २० अंशांची हवा असताना उघडा पाइप मीटरमागे सुमारे २७ वॅट गमावतो. ९ मिलिमीटर फोम चढवला की ११.

आमच्या गच्चीवरच्या सोलरच्या पाइपाला मी मात्र एका वर्षी गोणपाट गुंडाळलं. फुकटात मिळालं होतं. कोरडं असेपर्यंत ठीक चाललं, पण पावसात ते भिजलं आणि भिजलेलंच राहिलं. तंतूंमधल्या हवेच्या जागी पाणी शिरलं की वाहकता कित्येक पटींनी वाढते. ती ०.५ धरा, म्हणजे क्रांतिक त्रिज्या ५० मिलिमीटर. माझा पाइप गोणपाटासकट २० चा. हिशेब केला तर मीटरमागे ४० वॅट, उघड्या पाइपाच्या दीडपट. बाष्पीभवनाने जाते ती वेगळीच.

हे कळायला हिशेब लागला नव्हता. सकाळी हात लावला तर गोणपाट बाहेरून चांगलं कोमट लागत होतं. शेजारच्यांच्या पाइपावरचा फोम मात्र हवेइतकाच गार होता.