मॅट स्क्रीन उजेड कमी करत नाही, पसरवते

आपल्याकडच्या घरांत ट्यूबलाइट बहुधा छताला नसते, भिंतीवर वरच्या बाजूला असते. टेबल समोरच्या भिंतीला टेकवलेलं आणि ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, अशी मांडणी तर घरोघरी दिसते. तिथे चकचकीत, म्हणजे ग्लॉसी स्क्रीनचा लॅपटॉप उघडला की मजकुरावर ट्यूबची पांढरी पट्टी येऊन बसते. ‘मॅट स्क्रीन घ्यायला हवी होती, तिच्यावर उजेड पडतच नाही,’ असं मग कुणीतरी म्हणतं. सल्ला पुष्कळदा बरोबर असतो, पण त्यामागचं कारण चुकीचं असतं. आणि कारण चुकलं की हाच सल्ला अंगणात किंवा गच्चीवर फसतो.

साध्या काचेवर समोरून उजेड पडला की त्यातला सुमारे 4 टक्के परत फिरतो. हे प्रमाण काचेच्या अपवर्तनांकावर ठरतं. पृष्ठभाग खरखरीत केला म्हणून ते फारसं बदलत नाही. मॅट स्क्रीनच्या पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर आकाराचे उंचसखल कण असतात. ते परतणारा उजेड एकाच दिशेला न पाठवता अनेक दिशांना विखुरतात. कोऱ्या स्टीलच्या ताटात चेहरा दिसतो आणि घासून घासून बारीक ओरखडे पडलेल्या ताटात नुसता उजळपणा दिसतो, तोच हा फरक.

आता ट्यूबचा हिशेब मांडू. पृष्ठभाग किती उजळ दिसतो हे ‘निट’ या एककात मोजतात. साध्या लॅपटॉपची पूर्ण पांढरी स्क्रीन साधारण 300 निट उजळ असते. पेटलेल्या ट्यूबचा उजळपणा सहज 10,000 निट भरतो. त्याचे 4 टक्के म्हणजे 400 निट. ग्लॉसी स्क्रीनवर ट्यूबचं प्रतिबिंब जिथे पडतं, तिथे काळ्या अक्षरावरही 400 निट चढतात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे 700 होतात. दोघांचं प्रमाण पावणेदोनास एक, म्हणजे तेवढ्या पट्टीत वाचणं जवळपास अशक्य. पट्टीबाहेर मात्र स्क्रीन अगदी स्वच्छ दिसते.

मॅट स्क्रीनने तोच उजेड समजा दहापट जागेत पसरवला. आता काळ्या अक्षरावर 40 आणि पांढऱ्यावर 340 निट, म्हणजे प्रमाण साडेआठास एक. काळा रंग राखाडी दिसतो, चित्रातली गडद छटा फिकी पडते, पण मजकूर सगळीकडे वाचता येतो. लहान आणि प्रखर दिवा असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. ऑफिसच्या लॅपटॉपना वर्षानुवर्षं मॅट स्क्रीन येत राहिल्या त्या यामुळेच.

डोळ्यांच्या त्रासालाही इथे एक वेगळं कारण आहे. आरशातली वस्तू आरशाच्या मागे, ती जितकी लांब असेल तितक्याच अंतरावर दिसते. अक्षरं डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर असतात आणि ट्यूबचं रेखीव प्रतिबिंब तीनेक मीटरवर. एकाच दिशेला दोन अंतरांवरच्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात आणि नजर अक्षरांवरून पुन्हा पुन्हा ढळते. मॅट स्क्रीनवर प्रतिबिंबाची कडाच विरघळते, त्यामुळे नजरेला पकडण्यासारखं मागे काही उरत नाही. ग्लॉसी स्क्रीनसमोर माणूस पट्टी चुकवायला मान तिरकी करतो किंवा पुढे वाकतो. संध्याकाळी मान दुखते तेव्हा त्या दुखण्याचा उगम भिंतीवरच्या दिव्यात असू शकतो, हे सहसा लक्षात येत नाही.

घराबाहेर हिशेब बदलतो. ढगाळ दिवशी किंवा दुपारी सावलीत बसलं तरी उजेड 10,000 लक्सच्या आसपास असू शकतो. त्यात पांढरा सुती शर्ट सुमारे 2,500 निट उजळ होतो आणि स्क्रीनसमोर सगळ्यांत जवळ तोच असतो. त्याचे 4 टक्के म्हणजे 100 निट. 300 निटच्या स्क्रीनवर आता पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण 400 ला 100, म्हणजे अवघं चारास एक. वेबसाइटवरच्या मजकुरासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत किमान साडेचारास एक सांगितलं आहे. म्हणजे आपण त्याच्याही खाली गेलो.

इथे मॅटचा आधार तुटतो. शर्ट, मागची भिंत, वरचं आकाश असं सगळंच उजळ असेल तर विखुरून उजेड जाणार कुठे? उलट, ज्या आकाशाचं प्रतिबिंब ग्लॉसी स्क्रीनमध्ये डोळ्यांपर्यंत पोचलंच नसतं, त्याचाही अंश मॅट स्क्रीन आपल्याकडे वळवते आणि सगळ्या पडद्यावर दुधट झाक चढते. ग्लॉसी स्क्रीनमध्ये फक्त आरशाच्या दिशेला काय आहे एवढंच महत्त्वाचं असतं. ते आपल्याला बदलता येतं. दहा टक्केच उजेड परतवणारा गडद शर्ट घातला की शंभराऐवजी 13 निट चढतात आणि प्रमाण सुमारे चोवीसास एक होतं. पाठीमागे झाडाची गर्द सावली किंवा काळपट भिंत असेल तर आणखी बरं. मात्र थेट उन्हात, 1,00,000 लक्सच्या उजेडात, साध्या लॅपटॉपच्या बाबतीत दोन्ही प्रकार हरतात. तिथे मुळात जास्त निटची स्क्रीन लागते किंवा सावली शोधावी लागते.

परतणारा उजेड खरोखर कमी करायचा तर काचेवर परावर्तनरोधी थर द्यावा लागतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे 100 नॅनोमीटरचा थर दिला की थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. चार टक्क्यांचे साधारण दीड टक्के होतात. अनेक थर दिले तर त्याहूनही कमी. 1938 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधक कॅथरीन ब्लॉजेट यांनी काचेवर एक-एक रेणूजाडीचे 44 थर चढवून जवळपास अदृश्य काच केली होती. पण तो थर मऊ होता, हाताने पुसला तरी निघून जाई. आजचे थर पक्के असले तरी खरखरीत कापडाने रगडले किंवा चुकीचं द्रावण वापरलं तर खराब होऊ शकतात. म्हणून मऊ कापड किंचित ओलं करून पुसावं, एवढंच पुरे.

दुकानात पारख करणं सोपं आहे. लॅपटॉप बंद ठेवून काळ्या पडद्यात छताच्या दिव्याकडे पाहा. दिवा रेखीव आणि पांढराशुभ्र दिसला तर साधी ग्लॉसी. धूसर डाग दिसला तर मॅट. रेखीव पण मंद आणि जांभळट किंवा हिरवट दिसला तर ग्लॉसीवर परावर्तनरोधी थर आहे. थर प्रामुख्याने हिरव्या उजेडासाठी बेतलेला असल्यामुळे इतर रंग थोडे जास्त परततात, म्हणून जांभळट झाक येते. मॅट निवडताना पडदा पूर्ण पांढरा करून जवळून बघायला विसरू नका. पृष्ठभागावरचे कण आणि पिक्सेल यांचे आकार जवळजवळ आले की पांढऱ्यावर बारीक चमचम दिसते. दिवसभर वाचणाऱ्याला ती ट्यूबच्या पट्टीइतकीच खुपू शकते.

लॅपटॉप घरात असेलच, तर आधी जागा बदलून बघा. स्क्रीन 10 अंश मागे कलवली की तिच्यातलं दृश्य 20 अंश वर सरकतं, नेमकं ट्यूबकडे. ती थोडी उभी करा. खिडकी समोर किंवा पाठीशी न ठेवता बाजूला घ्या. आणि भर उजेडात काळी पार्श्वभूमी वापरू नका. प्रतिबिंबं काळ्यावरच उठून दिसतात, पांढऱ्या पानावर ती बरीच झाकली जातात. दिवा भिंतीवर पक्का बसवलेला असेल आणि टेबल हलवता येत नसेल तर मॅट घ्यावी. ज्याला बसायची जागा निवडता येते आणि फोटो-व्हिडिओचं काम आहे, त्याने परावर्तनरोधी थराची ग्लॉसी घ्यावी. बाहेर बसून काम करायचं असेल त्याने मॅट की ग्लॉसी हे ठरवण्याआधी निटचा आकडा विचारावा.